काळ्या जमिनीत छोट्या घराचा पाया: वाळूचा थर कुठे पुरतो, अंडर-रीम्ड पाइल कुठे लागतात

परभणी, लातूर, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात घर बांधायला काढले की पायाचा सल्ला ठरलेला असतो: "चार फूट खोदा, दोन फूट वाळू टाका, पाणी मारून दाबा, वर पीसीसी करा." काही घरे या सल्ल्यावर वीस-वीस वर्षे नीट उभी आहेत, तर काहींना पहिल्याच पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला आहे. माती दोन्हीकडे वरून सारखीच दिसते. फरक असतो तो काळ्या थराच्या जाडीत, मातीच्या फुगण्यात आणि पायापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात. या तीन गोष्टी आधी कळल्या की पायाचा प्रकार बहुतेक आपोआप ठरतो.

माती घराला उचलते कशी

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी गेले की ती आक्रसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगणाऱ्या मातीला अडवले तर ती जोर लावते. चांगल्या काळ्या जमिनीत हा जोर दर चौरस मीटरला १० ते ३० टन भरू शकतो.

आता घराचे वजन पाहू. एकमजली विटांच्या घरात, स्लॅब धरून, भिंतीच्या एका मीटर लांबीवर साधारण ३ टन भार येतो. खालचा फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ, ६० सेंमीचा असेल तर मातीवर दाब पडतो दर चौरस मीटरला ५ टन. वरून ५ आणि खालून १० ते ३०, म्हणजे माती जिंकणार. इमारत जड असेल तर ती मातीला बऱ्यापैकी दाबून धरते, छोट्या घराला ते जमत नाही. "घर लहान आहे, पाया साधा चालेल" हे मुरमाड जमिनीत ठीक, काळ्या जमिनीत नेमके उलटे.

शिवाय घर सगळीकडून सारखे उचलले जात नाही. पावसाळ्यात कडेची माती आधी भिजते आणि कोपरे वर येतात. उन्हाळ्यात कडा आधी वाळतात आणि कोपरे खाली बसतात. घराच्या मध्याखालची माती मात्र छपराआड असल्यामुळे वर्षभर दमट राहते आणि काही वर्षांत हळूहळू फुगत जाते. तडे पडतात ते या असमान हालचालीने.

ही हालचाल किती खोलवर होते? वरच्या दीड-दोन मीटरमध्ये सर्वांत जास्त, मग कमी होत जाते. आपल्याकडे साधारण ३.५ मीटरखाली मातीतला ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो असे धरले जाते. पुढच्या सगळ्या गणिताला या ३.५ मीटरचा आधार आहे.

पहिले काम: मुरूम किती खोल आहे ते पाहणे

प्लॉटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या. जेसीबीने अर्ध्या दिवसाचे काम आहे. खड्डा मुरूम लागेपर्यंत किंवा चार मीटरपर्यंत न्या. काळा थर किती, त्याखाली पिवळसर चिकणमाती आहे का, तिच्यात चुनखडीचे खडे दिसतात का आणि कठीण मुरूम कुठे सुरू होतो, हे टेपने मोजून लिहून ठेवा. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कुणालाही उतरू देऊ नका. काळ्या मातीच्या उभ्या कडा न सांगता ढासळतात. माती बकेटमधून वर आल्यावर पाहता येते.

जवळपास विहीर किंवा शेततळे असेल तर त्याची कड जरूर पाहा. वीस फुटांचा थर एका नजरेत दिसतो. पण एकट्या विहिरीवर विसंबू नका, कारण नाल्याजवळच्या प्लॉटमध्ये वीस मीटरच्या अंतरातही मुरूम मीटरभर खाली-वर होतो.

दुसरी चाचणी फुगण्याची. दीड मीटर खोलीवरची माती पिशवीत भरून जिल्ह्याच्या ठिकाणी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये द्या आणि "फ्री स्वेल इंडेक्स" काढून मागा. पद्धत साधी आहे: भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात, आणि २४ तासांनी दोन्हींचे आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये ती १० मिली आणि पाण्यात १६ मिली भरली तर निर्देशांक ६० टक्के. २० टक्क्यांखाली असेल तर फार काळजी नाही, ३५ च्या वर गेला की सावध व्हायचे, ५० च्या वर म्हणजे माती अतिशय फुगणारी. इतकी स्वस्त चाचणी असूनही घर बांधणारे ती करत नाहीत, याचे मला कायम नवल वाटते.

निवड कशी करायची

मुरूम दीड-दोन मीटरच्या आत लागत असेल तर फार विचार करू नका. काळी माती कापून फुटिंग थेट मुरमावर, तेही मुरमात २०-३० सेंमी रुतवून बसवा. खोदाई वाढेल, पण घर फुगणाऱ्या मातीवर राहणारच नाही. प्लिंथ बीम मात्र काळ्या मातीला टेकवू नका, नाहीतर बीमखालून ती उचलेलच.

काळा थर तीन-साडेतीन मीटर किंवा त्याहून जाड आणि निर्देशांक ५० च्या आसपास किंवा वर असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब.

वाळूचा किंवा मुरमाचा थर या दोहोंच्या मधल्या जागेसाठी आहे: थर दोन ते तीन मीटर, फुगणे मध्यम, घर एकमजली, आणि प्लॉटवर पाणी साचत नाही. यातली शेवटची अट लोक सर्वांत आधी विसरतात.

वाळूच्या थराबद्दल थोडे सविस्तर

वाळू फुगत नाही, हे खरे. पण वाळूचा थर खालच्या मातीचे फुगणे थांबवत नाही. एक मीटर जाड वाळूचे वजन दर चौरस मीटरला साधारण १.७ टन, आणि खालची माती जोर लावते १० टनांहून अधिक. वाळू टाकल्याने फायदा होतो तो एवढाच की फुगणाऱ्या मातीचा वरचा, सर्वांत चळवळ्या भाग काढून टाकला जातो आणि भार थोडा पसरतो.

तोटा मात्र मोठा आहे. काळ्या मातीत चर खोदून वाळू भरली की तो चर पाण्याचा हौद होतो. भोवतीची माती पाणी सोडत नाही. न्हाणीघराचे, छताचे, अंगणातले पाणी वाळूतून चराच्या तळाशी जाऊन बसते आणि खालची माती नेमकी पायाखाली भिजत राहते. वाळू नसती तर ते पाणी तिथवर पोचायला महिने लागले असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: थर टाकायचाच असेल तर नुसत्या वाळूचा नको, न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा टाका. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा थरावर बरेच काम केले आणि तो सीएनएस थर म्हणून ओळखला जातो. मुरमात थोडी चिकण असल्याने तो दाबल्यावर पाणी सहज आत सोडत नाही, आणि मीटरभर जाड थर खालच्या मातीच्या फुगण्याला वाळूपेक्षा कितीतरी चांगला आवर घालतो. शिवाय वाळूच्या आजच्या भावात मुरूम स्वस्तच पडतो. पण मुरूम म्हणून येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीवर विश्वास ठेवू नका. लालसर, खडा आणि बारीक माती मिसळलेला, चुरडल्यावर हाताला किंचित चिकटणारा हवा. काळी माती मिसळलेला असेल तर परत पाठवा. शंका आली तर त्याचाही फ्री स्वेल काढा.

काम असे. चर फुटिंगच्या दोन्ही बाजूंनी किमान ५०-६० सेंमी जास्त रुंद घ्या, नाहीतर थर बाजूने सरकतो आणि भार कडेच्या काळ्या मातीवर जातो. तळ सपाट करा. खोदलेला चर उन्हात आठवडाभर उघडा ठेवू नका, कारण तळाची माती वाळून भेगाळते आणि नंतर पाणी मिळाले की दुप्पट जोमाने फुगते. मुरूम २० सेंमीच्या सैल थरांत पसरा. हातात घेऊन मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल पण पाणी सुटणार नाही, एवढाच ओला करा. प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोट्या रोलरने तो १५ सेंमीपर्यंत दाबा आणि मग पुढचा थर टाका. पाण्याचा पाइप लावून मुरूम "बसवण्याची" पद्धत इथे चालत नाही. त्याने तोच मुरूम चिखल होतो आणि खालची काळी माती भिजते.

कुठे वाळूच वापरावी लागली, तर ती भरड असू द्या, आणि चराच्या सर्वांत खालच्या टोकाला पाणी बाहेर निघण्याची वाट ठेवा. प्लॉटला उतार नसेल आणि ही वाट देता येत नसेल तर वाळूचा विचार सोडून द्या.

अंडर-रीम्ड पाइल: कल्पना काय आहे

हा पाइल म्हणजे जमिनीत ओतलेला बारीक काँक्रीटचा खांब, तळाशी कांद्यासारखा फुगीर. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो आपल्या काळ्या मातीसाठी विकसित केला आणि आयएस २९११ भाग ३ या भारतीय मानकात त्याचे नियम आहेत. फुगीर भाग, म्हणजे बल्ब, हलत्या थराच्या खाली स्थिर मातीत अडकतो. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली की बल्ब त्याला धरून ठेवतो. म्हणजे पावसाळ्यात हा पाइल भार खाली नेत असतानाच वर ओढलाही जातो. म्हणून त्यातल्या सळया वरपासून तळापर्यंत अखंड हव्यात. वरच्या दोन मीटरमध्येच सळई घालून पैसे वाचवणारा ठेकेदार त्याचा अर्धा उपयोग घालवतो.

मापे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. खांबाचा व्यास २०० मिमीपेक्षा कमी नको, घरासाठी २५० किंवा ३०० चालतो. बल्बचा व्यास खांबाच्या अडीचपट. लांबी किमान ३.५ मीटर. बल्ब जमिनीपासून २.७५ मीटरपेक्षा वर नको. दोन पाइलमधले अंतर बल्बच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी नको.

एक घर मोजून पाहू

घर ९ मीटर बाय ७.५ मीटर, एकमजली, २३० मिमी विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब. मध्यातून लांबीच्या दिशेने एक भिंत जाते आणि तिला छेदणारी एक आडवी भिंत आहे. काळा थर साडेचार मीटर, फ्री स्वेल ६० टक्के, म्हणजे पाइलच हवेत.

बाहेरच्या लांब भिंतीवर दर मीटरला विटांचे १.३ टन, पॅरापेटचे ०.२, स्लॅबच्या अर्ध्या गाळ्याचे, चालत्या भारासह, साधारण १.२ आणि प्लिंथ बीमचे ०.२ टन, एकूण सुमारे २.९. मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंचा स्लॅब येतो. तिथे पॅरापेट नाही, पण स्लॅबचे २.४ टन, म्हणून एकूण ३.९.

लांब भिंतींवर पाइल २.२५ मीटर अंतराने घेतले तर प्रत्येक ओळीत ५ आणि तीन ओळींत १५. दोन आखूड भिंतींवर ओळींच्या मधोमध एक-एक, म्हणजे ४, आणि आडव्या भिंतीखाली २. एकूण २१ पाइल. बाहेरच्या पाइलवर २.९ गुणिले २.२५, म्हणजे ६.५ टन. मधल्या ओळीत ८.८ टन.

आयएसच्या तक्त्यात मध्यम घट्ट मातीत ३.५ मीटर लांब, एका बल्बच्या २५० मिमी पाइलला १२ टन भार सुरक्षित धरला आहे, ३०० मिमीला १६. म्हणजे २५० मिमी पुरेल. पण छिद्रात पाणी भरलेले असताना काँक्रीट ओतावे लागले तर ही ताकद २५ टक्क्यांनी कमी धरायची असते. १२ चे ९ झाले, आणि मधल्या ओळीवर ८.८ आहेत. अगदी काठावर. म्हणून पाणी लागण्याची शक्यता असेल तर मधली ओळ ३०० मिमीची करा.

उपसणाऱ्या जोराकडेही एकदा पाहू. वरच्या २ मीटरमध्ये फुगणारी माती खांबाला दर चौरस मीटरला ३ टनांनी पकडते असे धरले, तर २५० मिमी खांबाच्या त्या भागाचे पृष्ठफळ १.५७ चौरस मीटर आणि ओढ सुमारे ४.७ टन. उपसण्याविरुद्ध या पाइलची सुरक्षित ताकद तक्त्यात ६ टन आहे आणि वर घराचे वजन वेगळेच. पण बांधकाम अर्धे राहून पावसाळा आला तर वर वजन नसते. तेव्हा पाइल आणि बीम करून वर्षभर थांबायचे असेल तर हे ६ टनच कामाला येतात.

पुढे वर मजला चढवायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा. मधल्या ओळीवरचा भार जवळपास दुप्पट होतो आणि मग ३०० मिमीचा दोन बल्बचा पाइल लागतो. त्याचे वरचे बल्ब २.७५ मीटरखाली आणि दुसरे त्याखाली साधारण मीटरभर अंतरावर, म्हणून लांबी सव्वाचार-साडेचार मीटरपर्यंत जाते. घर झाल्यावर पाइल वाढवता येत नाही. ही गणिते निवड समजण्यासाठी आहेत. नकाशावर सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची हवी.

छिद्र, बल्ब, काँक्रीट

काम फेब्रुवारी ते मे दरम्यान करा. जागेवर आधी सगळ्या पाइलचे मध्य खुंट्यांनी पक्के करा. ऑगर, म्हणजे जमिनीत छिद्र पाडणारा मोठा गिरमिट, गाइडमध्ये धरून सरळ खाली नेतात. उन्हाळ्यात वरचा मीटरभर भाग भेगांमुळे ढासळतो, तिथे पत्र्याचा आखूड पाइप घाला. पूर्ण खोली झाली की अंडर-रीमर सोडतात. त्याचे पाते दाबून फिरवले की बाजूला उघडत जाते, कापलेली माती खालच्या बादलीत पडते, बादली भरली की वर काढून रिकामी करायची. पाते पूर्ण उघडले आणि माती येणे थांबले की बल्ब तयार. पहिल्या बादल्या जड येतात आणि शेवटच्या रिकाम्या. मजूर दोनच बादल्या काढून "झाला" म्हणाले तर बल्ब झालेला नाही.

सळया २५० मिमीसाठी ४ नग १० मिमी, २० सेंमीच्या आसपास रिंगा, बाजूने ४० मिमी कव्हर. पिंजरा तळाला टेकवू नका. काँक्रीट एम २० आणि पातळसर, १०० ते १५० मिमी स्लम्पचे, फनेल लावून ओता. ज्या दिवशी बल्ब कापला त्याच दिवशी ओतले पाहिजे. रात्रभर उघडे राहिलेले छिद्र तळाशी मातीने भरते आणि पाइल मऊ गाळावर बसतो.

बल्ब खरोखर झाला की नाही, हे मालकाला तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काँक्रीट मोजणे. साध्या ३.५ मीटर खांबाला सुमारे ०.१७ घनमीटर लागते, बल्बसह ०.२१. म्हणजे बल्बने पाव भागाच्या आसपास जास्त खाल्ले पाहिजे. प्रत्येक पाइलला किती घमेली गेली ते वहीत लिहा. एखाद्याला इतरांपेक्षा ठळक कमी गेले तर तिथे बल्ब अर्धवट आहे किंवा ढासळला आहे. तो पाइल सोडून शेजारी दुसरा घेणे हाच उपाय.

बीमखालची पोकळी, जी सहसा कुणी सोडत नाही

पाइलवर प्लिंथ बीम येतो आणि बीमचा तळ मातीपासून किमान ८० मिमी वर हवा. इथे बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो: बीमखाली जमिनीवर पीसीसी टाकून त्यावर बीम ओततात. मग माती फुगली की पाइल जागेवर राहतात आणि बीम मधोमध उचलला जातो. पाइलचा सगळा खर्च पाण्यात. बीम ओतताना खाली प्लास्टिक घालून सैल वाळूचा ८० मिमी थर करा आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर तो थर आठवणीने खरवडून काढा. बाहेरच्या बाजूने पावसाचे पाणी पोकळीत जाऊ नये म्हणून बीमला ७५ मिमी जाड पट्टी जमिनीत ८० मिमी उतरवून द्यायची असते. आतून प्लिंथचा भराव पोकळीत सरकू नये म्हणून शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावतात.

प्लिंथमध्ये भराव मुरमाचाच करा, खोदलेली काळी माती परत टाकू नका. तरीही फरशी भरावावर आहे आणि भरावाखाली काळी माती आहेच, त्यामुळे भिंती शाबूत असल्या तरी काही वर्षांत खोलीच्या मध्यावर फरशी जराशी वर येऊ शकते. भिंत आणि फरशी यांच्यात एक बारीक सांधा सोडला तर ती भिंतीला ढकलत नाही. फरशीही पाइलवर लटकती करायची तर वेगळा स्लॅब लागतो, आणि छोट्या घरात तो खर्च बहुतेकांना परवडत नाही.

घर झाल्यावर

घराभोवती २ मीटर रुंद, बाहेर उतार असलेला पेव्हमेंटचा पट्टा करा. कडेची माती ऋतूप्रमाणे भिजणे-वाळणे त्याने बरेच कमी होते. छताचे पाइप याच पट्ट्यावर न सोडता लांब न्या. सेप्टिक टँक आणि न्हाणीचे चेंबर भिंतीपासून दूर ठेवा. गळका चेंबर एकाच कोपऱ्याखालची माती वर्षभर फुगवत ठेवतो. निलगिरी, सुबाभूळ, वड, पिंपळ यांसारखी झाडे त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीएवढ्या अंतरावर लावा, कारण उन्हाळ्यात मुळे माती कोरडी करून कोपरा खाली बसवतात.

आधीच बांधलेल्या घराला तडे असतील तर तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि मे अखेर व सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा. ऋतूप्रमाणे उघडणारा-मिटणारा तडा काळ्या मातीचा. नुसताच वाढत जाणारा, कधी न मिटणारा तडा बहुधा भराव खचल्याचा किंवा पाइप गळत असल्याचा. पहिल्या प्रकारात पेव्हमेंट आणि पाण्याची वाट सुधारून दोन ऋतू थांबा आणि मगच तडा भरा. मे महिन्यात सिमेंटने पक्क्या भरलेल्या तड्याला पावसाळ्यात मिटायला जागा मिळत नाही, मग भिंत शेजारी नवीन तडा काढते.